सोसायटीची मासिक सूचना फोनवर वाचता येत नाही : नेमकं कुठं चुकतं आणि ते कसं दुरुस्त केलं

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमची 32 फ्लॅटची इमारत आहे. अर्धी घरं मराठी, अर्धी हिंदी. रहवासी संघाची सचिव म्हणून दर महिन्याची सूचना मीच काढते आणि ग्रुपवर पीडीएफ टाकते. कित्येक महिने एकच गोष्ट घडत होती. सूचना टाकली की तासाभरात फोन सुरू. "टाकी सफाई कोणत्या दिवशी?" "मेंटेनन्स कधीपर्यंत भरायचा?" सगळं सूचनेत लिहिलेलं असायचं. लोक वाचत नाहीत, असं मी बरेच दिवस धरून चालले होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी बसले होते तेव्हा खरं काय ते दिसलं. टाकी सफाईच्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले होते आणि नळाला पाणी नव्हतं. "अगं, मी वाचली होती की सूचना," म्हणत त्यांनी फोन काढला. पीडीएफ उघडली तर पडद्यावर अख्खा कागद दिसला, मुंग्यांच्या रांगांसारखा. त्यांनी दोन बोटांनी तो मोठा केला, ओळीचा डावा भाग वाचला, मग उजवीकडे सरकवला. ओळ संपल्यावर परत डावीकडे आल्या तेव्हा पुढच्या ओळीऐवजी तिच्या खालची ओळ पकडली गेली. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला. पाण्याची सूचना पाचव्या परिच्छेदात होती आणि त्या दुसऱ्याच्या पुढे गेल्याच नव्हत्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण काकू वाचायला तयार होत्या आणि अडचण माझ्या कागदात होती.

आधी हिशोब

घरी येऊन पट्टीनं मोजलं. माझ्या फोनचा पडदा उभा धरल्यावर साधारण 68 मि.मी. रुंद आहे, आणि बहुतेकांचे फोन याच्या आसपासचेच. A4 कागद 210 मि.मी. रुंद. पीडीएफ उघडली की फोन कागदाची पूर्ण रुंदी पडद्यावर बसवतो, म्हणजे सगळं तिपटीहून थोडं लहान होतं. हिशोब साधा आहे: अक्षराचा आकार गुणिले फोनची रुंदी, भागिले कागदाची रुंदी. मी 12 पॉइंटमध्ये टाइप करत होते. 12 × 68 ÷ 210 म्हणजे फोनवर जेमतेम 3.9 पॉइंट. औषधाच्या पट्टीमागचा मजकूर असतो ना, तसा. त्यात देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरं. इतक्या लहान आकारात "मंगळवार"मधला अनुस्वार शिरोरेघेत विरून जातो.

मग नेहमीचा उपाय केला, अक्षर वाढवलं. 14 केलं तर फोनवर 4.5. 16 केलं तर 5.2, आणि सूचना दोन पानांवर गेली. दुसरं पान तर कोणीच उघडत नाही. फोनवर 9 पॉइंटच्या आसपास अक्षर हवं असेल, म्हणजे चॅटमधल्या मजकुरापेक्षा किंचित मोठं, तर A4 वर 28 पॉइंट लागतात. कागदावर 28 पॉइंट पाहिले की कोणाचाही हात आखडतो, माझाही आखडला. म्हणून दर महिन्याला अक्षर एक-दोन पॉइंटनं वाढवलं जायचं आणि दर महिन्याला तक्रार तीच राहायची.

खरी दुरुस्ती कागदाच्या आकारात आहे. पानाची रुंदी निम्मी केली, म्हणजे 105 मि.मी., की त्याच पॉइंटचं अक्षर फोनवर दुप्पट दिसतं. तेव्हा 14 पॉइंट पुरतात: 14 × 68 ÷ 105, म्हणजे 9 पॉइंट. उंची मी 230 मि.मी. ठेवते, कारण आजकालचे फोन उंच असतात आणि हे पान पडदा जवळजवळ भरून टाकतं. थोडं खाली सरकवावं लागलं तरी हरकत नाही. अंगठ्यानं वर-खाली सरकवणं कोणालाही जमतं, ओळ हरवते ती आडवं सरकवताना.

खालच्या नोटिस बोर्डासाठी वेगळी फाइल करावी लागेल का, असं अध्यक्षांनी विचारलं. लागत नाही. हेच पान A4 वर `Fit` निवडून छापलं की ते सव्वापटीहून थोडं मोठं होतं आणि 14 चं अक्षर 18 पॉइंटच्या आसपास पडतं. दोन्ही बाजूंना पांढरी जागा राहते, पण लिफ्टची वाट बघत उभं राहून वाचायला ते उत्तम.

पान बसवताना अडतं ते

मी लिब्रेऑफिस रायटर वापरते. `Format → Page Style` मध्ये `Page` या टॅबवर रुंदी 10.5 से.मी., उंची 23 से.मी. आणि चारही समास 0.7 से.मी. वर्डमध्ये हेच `Layout → Size → More Paper Sizes` मध्ये मिळतं. फाँट नोटो सान्स देवनागरी किंवा `Mukta`, साध्या वजनाचा. बारीक, नाजूक वळणाचे फाँट फोनवर टिकत नाहीत. ओळींमधलं अंतर `Single` राहू द्या. नोटोचं मूळ अंतरच मात्रा-उकारांना पुरेल इतकं असतं, आणि मजकूर कोंबण्यासाठी ते कमी केलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला लागतो.

इथे एक गोष्ट हमखास फसवते. सगळा मजकूर निवडून तुम्ही 14 करता, आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा आकार बदलतो, पण मराठी अक्षर आहे तेवढंच राहतं. याचं कारण असं की लिब्रेऑफिस आणि वर्ड दोघंही देवनागरीचा फाँट आणि आकार वेगळ्या खान्यात ठेवतात. लिब्रेऑफिसमध्ये त्याला `CTL` म्हणतात आणि तो `Format → Character` मध्ये दिसतो. दिसत नसेल तर `Tools → Options` मधल्या भाषांच्या विभागात `Complex text layout` वर टिक करा. वर्डमध्ये फाँटच्या चौकटीत `Complex scripts` असा वेगळा भाग असतो. आकार तिथे बदला. मी एकदा संपूर्ण सूचना 14 ची समजून पाठवली होती आणि मराठी मजकूर 12 मध्येच राहिला होता.

मजकूर किती मावतो

या पानावर 14 पॉइंटच्या साधारण 30 ओळी बसतात आणि एका ओळीत पाचेक शब्द. मथळे आणि मोकळ्या जागा वजा केल्या तर हाताशी शंभराच्या आसपास शब्द उरतात. माझी जुनी सूचना साडेतीनशे शब्दांची होती. सुरुवातीला हे अशक्य वाटलं. मग एक-एक परिच्छेद समोर घेऊन बसले. जुना मजकूर असा होता:

"सर्व माननीय सदस्यांना याद्वारे सूचित करण्यात येते की दिनांक 14 सप्टेंबर रोजी इमारतीच्या पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्यात येणार असल्यामुळे सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील, तरी सर्वांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती."

यात काकूंना हवं होतं ते इतकंच: कोणता वार, किती वाजता, आणि आपण काय करायचं. वार तर मी लिहिलाच नव्हता, आणि आदल्या रात्री पाणी भरून ठेवा हेही नव्हतं. संपूर्ण सप्टेंबरची सूचना मग अशी झाली:

> मासिक सूचना : सप्टेंबर 2025
>
> पाणी बंद
> रविवार 14 सप्टेंबर, सकाळी 9 ते दुपारी 3. टाकी सफाई आहे. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवा.
>
> मेंटेनन्स
> ₹1,500. बुधवार 10 सप्टेंबरपर्यंत.
>
> अनंत चतुर्दशी
> शनिवार 6 सप्टेंबर. झांक्या बघून उशिरा येणाऱ्यांसाठी मुख्य गेट रात्री 2 पर्यंत उघडं राहील.
>
> सर्वसाधारण सभा
> रविवार 28 सप्टेंबर, सकाळी 11, पार्किंगमध्ये.
>
> ऑगस्टचा हिशोब
> आधीची शिल्लक ₹88,300
> जमा ₹46,500
> खर्च ₹41,200
> आताची शिल्लक ₹93,600
>
> सचिव, रहवासी संघ. 31 ऑगस्ट 2025

मथळे 18 पॉइंट ठळक, बाकी 14. तारखेनुसार पाहिलं तर अनंत चतुर्दशी आधी यायला हवी होती, पण पाण्याची बाब मी मुद्दाम पहिली ठेवली. जे चुकलं तर घरात खोळंबा होईल ते सगळ्यात वर. दुसरंही कारण आहे. ग्रुपमध्ये फाइल न उघडता पहिल्या पानाच्या वरच्या भागाची झलक दिसते. पूर्वी त्या झलकेत संघाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि गणपतीचं चित्र एवढंच यायचं. आता महिना आणि "पाणी बंद" दिसतं, आणि काही जणांचं काम तेवढ्यावरच होतं.

हिशोबाच्या तक्त्याबद्दल. पूर्वी फ्लॅटनुसार थकबाकीचा सहा रकान्यांचा तक्ता सूचनेतच असायचा. फोनच्या रुंदीत सहा रकाने बसवायचे तर आकडे वाचण्याजोगे राहत नाहीत, मग पान कितीही लहान करा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अशी पीडीएफ पुढे पाठवली जाते. एखाद्याची थकबाकी त्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरावी हे मला अजिबात पटत नाही. म्हणून एकूण हिशोबाच्या चार ओळी सूचनेत, आणि ज्याची थकबाकी त्याला वेगळा निरोप. सविस्तर वही सभेत सगळ्यांसमोर असते.

हिंदीचं काय? आधी एकाच पानावर वर मराठी, खाली हिंदी असं करत होते. त्यानं जागा निम्मी होते आणि मोह पुन्हा अक्षर बारीक करण्याचा होतो. आता दोन फाइली करते. लिपी एकच असल्यामुळे पान, फाँट, मथळे सगळं तेच राहतं, फक्त मजकूर बदलायचा. नावं `2025-09 सूचना मराठी.pdf` आणि `2025-09 सूचना हिंदी.pdf`. ग्रुपमध्ये फाइलचं नाव ठळक दिसतं, त्यामुळे कोणती उघडायची हे विचारावं लागत नाही. चूक निघाली तर नावात आणि पानाच्या मथळ्यात दोन्हीकडे "सुधारित" लिहून नवी फाइल टाकते आणि जुनी सगळ्यांसाठी काढून टाकते.

एक छोटी गोष्ट टाइप करणाऱ्यांसाठी: हिंदी कीबोर्डवरून मराठी लिहिलं की "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं. फोनवर किंवा संगणकावर मराठी कीबोर्ड बसवून घ्या, त्यात ऱ वेगळा मिळतो.

बरी झालेली तक्रार परत आली तर

दोन महिने सगळं छान चाललं. तिसऱ्या महिन्यात मी पुण्याला लेकीकडे होते, म्हणून समितीतल्या एका दादांनी माझीच फाइल घेऊन सूचना काढली आणि पुन्हा तेच फोन सुरू झाले. मजकूर नेमका होता, अक्षर 14 चंच होतं. माझ्या फोनवर उघडली तर मधोमध छोटं पान आणि भोवती पांढरी जागा. त्यांनी `Print` मध्ये जाऊन पीडीएफ प्रिंटर निवडला होता. विंडोजबरोबर येणाऱ्या `Microsoft Print to PDF` ला ठरावीक कागदच माहीत असतात, त्यामुळे आमचं लहान पान पुन्हा A4 वर जाऊन बसलं. प्रिंटचा रस्ता घेऊ नका. लिब्रेऑफिसमध्ये `File → Export As → Export as PDF`, वर्डमध्ये `Save As` करून प्रकार पीडीएफ निवडा.

हे ओळखायला पाठवण्याआधी पीडीएफ संगणकावर अॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडून `Ctrl+D` दाबा. `Page Size` समोर 105 × 230 मि.मी. किंवा 4.13 × 9.06 इंच दिसायला हवं. 210 × 297 किंवा 8.27 × 11.69 दिसलं तर पान A4 वर गेलं आहे. त्याच चौकटीत `Fonts` चा टॅब आहे. प्रत्येक फाँटपुढे `Embedded Subset` किंवा `Embedded` लिहिलेलं असलं पाहिजे.

ते का, तर दुसरी तक्रार तिथून येते: "मला नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात." आपल्याकडे अनेक टायपिंगची दुकानं अजून कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये काम करतात. त्या फाँटमध्ये खाली खरं तर इंग्रजी अक्षरं असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फाँट फाइलमध्ये बसवलेला नसेल तर वाचणाऱ्याच्या फोनवर ते रूप गळून पडतं. बसवलेला असला तरी मजकूर कॉपी करून कुणाला पाठवला की तोच गोंधळ. दुकानातून सूचना करून घेत असाल तर "युनिकोडमध्येच टाइप करा" असं आधीच सांगा. पारख सोपी आहे: पीडीएफमधला "सूचना" हा शब्द कॉपी करून चॅटमध्ये चिकटवा. "सूचना"च आला तर ठीक.

तिसरं लक्षण वेगळं दिसतं. अक्षरं मराठीच असतात, पण वेलांटी भलत्या जागी जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. फोनवरच्या काही पीडीएफ बनवणाऱ्या अॅपना देवनागरी अक्षरं जुळवता येत नाहीत. त्यावर सेटिंगमध्ये इलाज शोधत बसू नका, ते अॅप सोडा. कोणतंही नवं साधन घेतलं की मी आधी "दुसऱ्या मजल्यावरची किल्ली, स्वच्छता, ट्रान्सफॉर्मर" एवढं टाइप करून पाहते. यात ते साधन टिकलं तर पुढे अडचण येत नाही.

आणि धूसर अक्षर. सही-शिक्का मारलेला कागद फोननं टिपून फोटो म्हणून टाकला की ग्रुपवर जाताना तो दाबला जातो आणि मोठा केल्यावर फाटतो. स्कॅन करून पीडीएफ केली तरी आत चित्रच राहतं. फोनला मजकूर वाचून दाखवायला लावणारे एक आजोबा आमच्याकडे आहेत, त्यांना अशा फाइलमधून काहीच ऐकू येत नाही. सही हवीच असेल तर सहीचं छोटं चित्र खाली लावा, मजकूर मजकूरच राहू द्या, आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पैसे भरण्याच्या क्यूआर कोडचाही प्रश्न आला. अध्यक्षांचा आग्रह होता की तो सूचनेत हवा. पण ज्या फोनवर सूचना उघडली आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं तो कोड टिपता येत नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, मग पैशाच्या अॅपमध्ये तो निवडा, हे वयस्कर माणसांना सांगून दमायला होतं. म्हणून क्यूआर नोटिस बोर्डावर कायमचा चिकटवला आहे. फोनच्या सूचनेत जागा असेल तेव्हा संघाचा यूपीआय आयडी मजकूर म्हणून लिहिते, बोट दाबून ठेवलं की तो कॉपी होतो. पानाची चार सेंटीमीटर जागाही वाचते.

पाठवण्याआधीची तपासणी

संगणकाच्या पडद्यावर पीडीएफ इतकी लहान करा की पट्टी लावल्यावर पानाची रुंदी 7 से.मी. भरेल. मग खुर्चीत मागे टेकून हातभर अंतरावरून वाचा. डोळे बारीक करावे लागले तर मजकूर कापायचा, अक्षर नाही. रंगीत पार्श्वभूमी आणि करडी अक्षरं इथेच पकडली जातात. पांढऱ्यावर काळंच ठेवा, उन्हात गेटवर उभं राहूनही ते दिसतं.

त्यानंतर फाइल आधी फक्त काकूंना पाठवते. त्यांचा फोन जुना आहे आणि पडदा माझ्यापेक्षा अरुंद, साधारण 62 मि.मी. त्यावर 14 चं अक्षर 8.3 पॉइंट पडतं, आणि त्यांना चष्म्यासह ते वाचता येतं. "पाणी कधी नाही?" एवढंच विचारते. त्यांनी दोन बोटं न लावता उत्तर दिलं की ग्रुपवर टाकते. एखाद्या महिन्यात बाबी जास्त असल्या, रंगकाम, लिफ्टची दुरुस्ती, निवडणूक सगळं एकदम, तर पान 230 वरून 260 मि.मी. पर्यंत उंच करते. त्याहून उंच केलं तर बोर्डावरची प्रत लहान पडू लागते आणि खालची बाब फोनवर कोणी पाहत नाही. तेव्हा मी वेगळ्या विषयाची वेगळी सूचना काढते.